फिक्स टक्क्याचा एन्व्हलप: टक्का कसा काढायचा, बोलिंजर बँडपेक्षा कधी बरा पडतो आणि कधी अंगाशी येतो

बेळगाव, निपाणी, खानापूरकडून मला जे चार्ट येतात त्यात एक गोष्ट सारखी दिसते. चार्टवर एन्व्हलप लावलेला असतो, टक्का सॉफ्टवेअरनं दिलेला तसाच असतो, आणि खाली प्रश्न असतो की अण्णा, हे तर कधी लागतच नाही, मग बोलिंजरच लावू का? दुसरे असतात ते निफ्टी, साखर कारखान्याचा शेअर आणि सोनं, सगळ्यांवर एकच २ टक्के लावून बसतात आणि मग रोजच सिग्नल येतो. दोन्हीकडे चूक एकच, टक्का मोजून काढलेलाच नाही. म्हणून पूर्ण क्रम लिहितोय, पहिल्यापासून शेवटपर्यंत, निफ्टीचे खरे आकडे घेऊन. घाई न करता एकेक टप्पा करा, क्रम बदलू नका, कारण पुढच्या टप्प्याला मागच्याचाच आकडा लागतो.

दोघांतला फरक एवढाच. एन्व्हलपमध्ये मधे मूव्हिंग ॲव्हरेज असते आणि तिच्या वर-खाली ठरलेल्या टक्क्यावर दोन रेषा, २.५ म्हणजे २.५, बाजार शांत असो की पेटलेला. बोलिंजर बँडमध्ये तेच अंतर मागच्या २० दिवसांच्या स्टँडर्ड डेव्हिएशनवरून, म्हणजे भाव ॲव्हरेजभोवती किती पसरला त्या मापावरून, रोज नव्यानं ठरतं, म्हणजे बाजार हलला की बँड फुगतो आणि शांत झाला की आवळतो. शहापूरच्या कापड दुकानातली पट्टी लोखंडी असते, बोलिंजरची पट्टी रबराची आहे. रबराची पट्टी काही वेळा उपयोगी पडते, पण कापड ओढताना पट्टीही ताणली जात असेल तर किती ताणलं ते कळणार कसं, सगळा मुद्दा इथंच आहे.

या लेखात फक्त खालची बाजू घेतोय, म्हणजे भाव ॲव्हरेजच्या फार खाली गेला की डिलिव्हरीत घ्यायचं आणि ॲव्हरेजला परत आला की विकायचं. वरच्या बाजूला शॉर्ट करणं हा वेगळा विषय आहे, त्यात मार्जिन येतं, इथं नको.

## १. कशावर लावायचं ते आधी ठरवा

एन्व्हलप अशा गोष्टीवर चालतो जिचं ॲव्हरेजपासून लांब जायचं नेहमीचं अंतर टक्क्यात बघितलं तर वर्षानुवर्षं साधारण सारखं राहतं. निफ्टीसारखा मोठा इंडेक्स यात बसतो, कारण आत ५० कंपन्या आहेत आणि एकीची बातमी सगळ्याला ओढत नाही.

एकटा शेअर सहसा बसत नाही. आपल्या भागात साखरेच्या शेअरचं वेड फार, कारखाना गावाजवळ, ऊस आपल्याच शेतातला, त्यामुळं वाटतं आपल्याला यातलं कळतं. पण ७ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घातलं आणि साखरेचे शेअर आपटले. असल्या पडण्यात कारण खरं असतं, धंद्याचं गणितच बदललेलं असतं, त्यामुळं भाव ॲव्हरेजकडं परत यायलाच पाहिजे असं काही नाही. तिथं एन्व्हलप स्वस्त मिळतंय असं दाखवेल आणि तुम्ही अडकाल. कंपनीच्या निकालाच्या दिवशीही हेच होतं.

सिग्नल इंडेक्सवर काढा आणि खरेदी त्या इंडेक्सच्या ईटीएफमध्ये करा. ईटीएफ घेताना त्याचा आयएनएव्ही, म्हणजे आतल्या शेअरवरून निघणारी त्या वेळची किंमत, बघायची सवय लावा, घबराटीच्या दिवशी ईटीएफचा बाजारातला भाव आणि आतल्या शेअरची किंमत यांत फरक पडतो, आणि आपला सिग्नल नेमका घबराटीच्याच दिवशी येतो.

## २. डेटा नीट करा, अर्धी चूक इथंच होते

एनएसईच्या साईटवरून निफ्टीचे रोजचे क्लोज डाऊनलोड करा, तीन वर्षांचे तरी पाहिजेत, म्हणजे साधारण ७५० दिवस आणि वर सुरुवातीचे थोडे जास्त. शीटमध्ये A कॉलमला तारीख, B ला क्लोज, पहिली ओळ हेडिंगची.

थांबा, तारखांचा क्रम बघा. डाऊनलोड केलेल्या फाईलमध्ये बरेचदा सगळ्यात नवी तारीख वर असते. निपाणीच्या एका काकांची शीट मोबाईलवर बघत होतो, तंबाखूच्या वखारीतले हिशोब सांभाळणारा माणूस, फॉर्म्युले एकदम बरोबर, तरी ॲव्हरेज चार्टशी जुळत नव्हती. वर बोट नेलं तर पहिल्या ओळीत या महिन्याची तारीख आणि तळाला तीन वर्षांपूर्वीची. म्हणजे प्रत्येक दिवसाची ॲव्हरेज त्याच्या पुढच्या २० दिवसांची निघत होती, जे त्या दिवशी कुणालाच माहीत नसतं. असल्या शीटमध्ये निकाल नेहमी छान दिसतो, म्हणून तर चूक सापडत नाही. जुनी तारीख वर, नवी खाली, असं सॉर्ट करूनच पुढं जा.

दुसरं, इंडेक्सऐवजी ईटीएफचाच जुना भाव वापरणार असाल तर स्प्लिट तपासा. निफ्टी बीजचं डिसेंबर २०१९ मध्ये एकाचं दहा असं स्प्लिट झालं, ॲडजस्ट न केलेल्या डेटात त्या दिवशी ९० टक्के पडझड दिसते आणि तुमचा टक्का पार बिघडतो. शेअरमध्ये बोनसचंही तेच.

तिसरं, शनिवारची स्पेशल सेशन्स गाळू नका, १८ मे २०२४ सारखी. तो दिवस चार्टमध्ये धरलेला आणि तुमच्या शीटमध्ये नसेल तर दोन्ही आकडे थोडे थोडे वेगळे येत राहतात आणि तुम्ही उगाच फॉर्म्युल्यात चूक शोधत बसता.

## ३. मधली रेषा

२० दिवसांची साधी मूव्हिंग ॲव्हरेज घ्या. एक्स्पोनेन्शियल का नको म्हणाल तर पुढं आपल्याला बोलिंजरशी तुलना करायचीय आणि बोलिंजर साध्या ॲव्हरेजवर असतो, मधली रेषाच वेगळी घेतली तर फरक रेषेमुळं पडला की पट्टीमुळं ते कळत नाही.

```
C21: =AVERAGE(B2:B21)
D21: =B21/C21-1
```

C म्हणजे ॲव्हरेज, D म्हणजे भाव ॲव्हरेजपासून किती टक्के लांब आहे ते. खाली असेल तर मायनस. दोन्ही शेवटपर्यंत ओढा.

तपासा: शेवटच्या तीन-चार ओळींची C चार्टवरच्या २० दिवसांच्या एसएमएशी जुळते का बघा. पाच-दहा पैशांचा फरक सोडून द्या, पॉइंटांचा फरक आला तर टप्पा २ ला परत जा.

## ४. टक्का काढणं

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. टक्का डोळ्यानं चार्ट बघून ठरवायचा नाही, कारण डोळा आधी तळ बघतो आणि मग त्या तळाला बरोबर शिवणारी रेषा शोधतो. डेटाला विचारा, की वीस दिवसांत साधारण एक दिवस भाव ॲव्हरेजच्या किती खाली जाऊन बंद होतो?

```
=PERCENTILE(D21:D770, 0.05)
```

समजा उत्तर -0.0246 आलं, म्हणजे ७५० पैकी सुमारे ३७ दिवस भाव ॲव्हरेजच्या २.४६ टक्के किंवा जास्त खाली बंद झाला. त्याला २.५ करा. दशांशाचे चार आकडे धरून बसू नका, २.४६ चांगलं चालतं आणि २.५ चालत नाही असं दिसलं तर तुमच्या पद्धतीत दम नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुढच्या उदाहरणातही मी २.५ च धरलाय, पण तुमच्या डेटातून वेगळा आकडा येईल आणि तोच वापरायचा.

वरची आणि खालची बाजू एकत्र करून टक्का काढू नका. बाजार चढता असला की ॲव्हरेज मागं रेंगाळते, भाव बराच काळ तिच्या वर राहतो, आणि खाली जाताना मात्र झटक्यात जातो. दोन्हीची सरासरी काढली की ती एकाही बाजूला बसत नाही.

आता ही जी चाचणी सांगतोय ती बहुतेक जण गाळतात, पण एन्व्हलप लावायचा की बोलिंजर याचं उत्तर इथंच मिळतं. ७५० दिवसांचे सलग तीन तुकडे करा, २५०-२५० चे, आणि तोच पर्सेंटाईल प्रत्येक तुकड्यावर वेगळा काढा.

```
=PERCENTILE(D21:D270, 0.05)
=PERCENTILE(D271:D520, 0.05)
=PERCENTILE(D521:D770, 0.05)
```

तीन आकडे समजा २.२, २.५, २.९ असे आले, तर त्या मालाची चाल टक्क्यात स्थिर आहे, लोखंडी पट्टी चालते. १.४, २.६, ५.८ असे आले तर एकच टक्का तिन्ही काळांना बसणार नाही, पहिल्या काळात सिग्नलच येणार नाही आणि तिसऱ्यात रोज येईल, तिथं सरळ बोलिंजर किंवा त्याच्यासारखाच फुगणारा-आवळणारा केल्टनर वापरा. मी सीमा अशी धरतो की सगळ्यात मोठा आकडा सगळ्यात लहानाच्या दीडपटीच्या आत पाहिजे. हा नियम कुठं कोरलेला नाही, माझा अंदाज आहे, पण दुपटीच्या वर गेलं तर वाद घालायचं कारणच उरत नाही.

थांबा, ३७ दिवस म्हणजे ३७ संधी नव्हेत. असे दिवस घोळक्यानं येतात, एका पडझडीत सहा, दुसरीत नऊ. वेगवेगळ्या पडझडी मोजा. पाच-सहाच निघाल्या तर तेवढ्यावरून यशाचं प्रमाण काढत बसू नका, आणखी जुना डेटा आणा.

## ५. रेषा काढा आणि शेजारी बोलिंजर ठेवा

H1 मध्ये टक्का लिहा, 2.5% असा. मग:

```
E21: =C21*(1-$H$1)
F21: =C21*(1-2*$H$1)
G21: =C21-2*STDEV.P(B2:B21)
```

E ही खरेदीची रेषा. F दुप्पट अंतरावरची, ती बाहेर पडायची रेषा, तिच्याबद्दल पुढं येतंय. G म्हणजे बोलिंजरची खालची रेषा. STDEV.P च्या जागी STDEV.S घातलं तर बँड किंचित रुंद येतो आणि चार्टशी जुळत नाही, ही चूक फार जण करतात.

आता ४ जून २०२४ घ्या. लोकसभेचा निकाल, टीव्हीवर एका बाजूला बेळगाव-चिक्कोडीच्या मतमोजणीचे आकडे आणि दुसऱ्या बाजूला निफ्टी कोसळत होता. ३१ मेला निफ्टी २२,५३० ला बंद झाला होता, एक्झिट पोलनंतर ३ जूनला २३,२६४ ला, आणि ४ जूनला २१,८८४ ला, म्हणजे एका दिवसात ५.९ टक्के खाली. त्या तीन दिवसांच्या रेषा मांडून बघा:

| दिवस | क्लोज | बोलिंजर खालची | २.५% एन्व्हलप खालची |
|---|---|---|---|
| ३१ मे | २२,५३० | २१,८९१ | २१,९१६ |
| ३ जून | २३,२६४ | २१,८४० | २१,९५६ |
| ४ जून | २१,८८४ | २१,७७० | २१,९३५ |

बोलिंजरची रेषा बघा कुठं चाललीय. ३१ मेला ती २१,८९१ वर होती, ४ जूनचा क्लोज त्याच्याही खाली आहे, पण तोवर रेषाच २१,७७० वर उतरलेली. निफ्टी ५.९ टक्के पडला त्या दिवशी क्लोजवर बघणाऱ्याला बोलिंजर सांगतोय की भाव बँडच्या आतच आहे! कारण ३ जूनची उसळी आणि ४ जूनची पडझड दोन्ही त्याच २० दिवसांच्या डेव्हिएशनमध्ये शिरल्या आणि बँडची एका बाजूची रुंदी ५८६ पॉइंटांवरून ७२८ वर गेली. गंमत म्हणजे वर जाण्यामुळंही खालची रेषा खाली सरकली. एन्व्हलपची रेषा मात्र जवळजवळ जागेवर, २१,९३५, आणि क्लोज तिच्या खाली, सिग्नल आला. दुसऱ्या दिवशी ५ जूनला निफ्टी २२,६२० ला बंद झाला, त्या दिवशीची ॲव्हरेज २२,५१४, म्हणजे भाव मधल्या रेषेच्या वर परत आलेला. क्लोज ते क्लोज ३.४ टक्के.

या उदाहरणावर उड्या मारू नका. टक्का ३ धरला असता तर ४ जूनची रेषा २१,८२३ आली असती आणि एन्व्हलपलाही सिग्नल मिळाला नसता. म्हणूनच टक्का ४ जून बघायच्या आधी, जुन्या डेटावरून ठरलेला पाहिजे. आणि दिवसाचा नीचांक धरला तर २१,२८१ पर्यंत भाव गेलेला, दोन्ही रेषा तुटलेल्या. आपण क्लोजवर चालतोय म्हणून फरक दिसला, म्हणून क्लोज की नीचांक हेही आधीच एकदा ठरवा आणि मग बदलू नका.

आणखी एक गोष्ट. ४ जूनचा तो आकडा बोलिंजरच्या २० दिवसांतून ३ जुलैला बाहेर पडला. तोवर साधारण महिनाभर बँड त्या एका घटनेमुळं रुंद, आणि ३ जुलैला बाजारात तसं काही न होता बँड आवळला. एकाच धक्क्यानंतर बाजार लगेच ताळ्यावर येतो तेव्हा हा महिना बोलिंजरवाल्याचा वाया जातो, एन्व्हलपवाल्याला फरक पडत नाही.

## ६. एन्व्हलप कुठं सरस, कुठं नाही

वरची पहिली जागा झाली, एकदम आलेला आणि लगेच विरणारा धक्का. दुसरी जागा म्हणजे उलट टोक, बाजार झोपलेला असतो तेव्हा. बोलिंजर तेव्हा इतका आवळतो की खालची रेषा ॲव्हरेजपासून एक टक्क्यावर येते, भाव तिला शिवतो, तुम्ही घेता आणि ॲव्हरेजला आल्यावर विकता. एक टक्का मिळाला म्हणता, पण खर्च मांडा. शेअर डिलिव्हरीत एक लाखाला एसटीटी घेताना १०० रुपये, विकताना १००, स्टॅम्प ड्युटी घेताना १५, वर एक्स्चेंजचे चार्जेस, जीएसटी, विकताना डीपीचे पैसे. हजारातले सव्वादोनशेच्या वर असेच गेले, आणि वर्षाच्या आत विकलं म्हणून नफ्यावर २० टक्के कर. इक्विटी ईटीएफला एसटीटी फार कमी आहे म्हणून तिथं जरा बरं, तरी स्प्रेड आहेच. एन्व्हलप असल्या बारीक हालचालीला सिग्नलच देत नाही, अडीच टक्के लांब गेल्याशिवाय तुमच्याशी बोलत नाही, म्हणजे प्रत्येक ट्रेडमध्ये खर्च भागून काही उरेल एवढी जागा आधीपासून बांधलेली असते.

हरतो कुठं? व्होलॅटिलिटी वाढते आणि वाढलेलीच राहते तिथं. फेब्रुवारी २०२० बघा. २६ फेब्रुवारीला निफ्टी ११,६७८ ला बंद झाला, त्या दिवशीची ॲव्हरेज ११,९९३, २.५ टक्क्यांची रेषा ११,६९३. सिग्नल आला, नियमाप्रमाणे खरेदी. त्यानंतर बाजार २३ मार्चला ७,६१० पर्यंत गेला. एन्व्हलपला हे कळायचा काही मार्गच नाही, त्याच्या दृष्टीनं रोजच स्वस्त. बोलिंजर निदान रुंद होऊन सांगतो की हवा बदललीय. म्हणून एन्व्हलप वापरायचा तर दुसरी रेषा पाहिजेच.

## ७. ट्रेडचा क्रम

पहिलं, आदल्या रात्रीच उद्याचा ट्रिगर भाव काढून ठेवा. लोक इथं आजची रेषा उद्यासाठी धरतात, पण उद्याचा भाव स्वतः ॲव्हरेजमध्ये जाणार, त्यामुळं रेषा थोडी हलणार. नेमका आकडा असा निघतो, मागच्या १९ क्लोजवरून:

```
=(1-$H$1)*SUM(B2:B20)/(20-(1-$H$1))
```

इथं B2:B20 च्या जागी तुमच्या शीटमधले शेवटचे १९ क्लोज घाला. ४ जूनसाठी ३ तारखेच्या रात्री हा आकडा २१,९३८ येत होता. म्हणजे दुसऱ्या दिवशी निफ्टी २१,९३८ च्या खाली बंद व्हायला लागला की घ्यायचं, एवढं कागदावर लिहून झोपता येतं. दुकान, शेती, नोकरी सांभाळून हे करणाऱ्यांना याचा फार उपयोग होतो, दिवसभर स्क्रीन बघायची गरज नाही. बोलिंजरचाही असा आकडा काढता येतो, पण गणित किचकट होतं कारण भाव जसा खाली जातो तसा तोच रेषेला खाली ढकलतो.

दुसरं, ३ वाजून २० मिनिटांच्या सुमाराला भाव बघा. ट्रिगरच्या खाली असेल आणि दुप्पट टक्क्याच्या रेषेच्या वर असेल तरच ईटीएफ घ्या, लिमिट ऑर्डरनं. दुसऱ्या रेषेच्याही खाली गेला असेल तर घेऊ नका. भाव थेट तिथवर पोचला म्हणजे नेहमीची हालचाल नाही, आपला टक्का नेहमीच्या हालचालीवरून काढलेला आहे, त्यामुळं तिथं तो काहीच सांगत नाही.

तिसरं, विकणं. भाव २० दिवसांच्या ॲव्हरेजच्या वर बंद व्हायला लागला की त्याच दिवशी बाहेर. वरच्या रेषेपर्यंत थांबायचा मोह होतो, पण ती वेगळी पद्धत आहे आणि तिची चाचणी तुम्ही केलेली नाही.

चौथं, तोटा. क्लोज F रेषेच्या खाली गेला तर बाहेर, आणि मग भाव एकदा ॲव्हरेजच्या वर बंद होईपर्यंत नवी खरेदी नाही. २०२० चं उदाहरण पुढं नेऊन बघा. २६ फेब्रुवारीला ११,६७८ ला घेतलं, २७ ला क्लोज ११,६३३, अजून F च्या वर. २८ ला ११,२०१, त्या दिवशीची F रेषा ११,३३८, तुटली, बाहेर. तोटा ४.१ टक्के. लागलं, पण त्यानंतरची ७,६१० पर्यंतची वाट बघावी लागली नाही आणि मधे रोज येणारे स्वस्त दिसणारे सिग्नलही नियमानंच बंद झाले.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवा, फायदा झाला तर साधारण अडीच ते साडेतीन आणि तोटा झाला तर चार. अडीचला चार धरलं तर शंभरातले बासष्ट ट्रेड बरोबर यायला पाहिजेत, तेव्हा कुठं बरोबरीत, खर्च वेगळा. तुमच्या शीटमध्ये जुन्या डेटावर हे प्रमाण सत्तरच्या खाली येत असेल तर पैसे लावू नका.

थांबा, ॲव्हरेजचा उतार बघितल्याशिवाय ऑर्डर टाकू नका. आजची C आणि १० दिवसांपूर्वीची C बघा, आजची तिच्यापेक्षा १ टक्क्याहून जास्त खाली असेल तर बाजार उतरणीला लागलाय, भाव खालच्या रेषेला चिकटून घसरत राहतो आणि ॲव्हरेजच त्याच्या मागं खाली येते. तेव्हा भाव मधल्या रेषेला पोचला तरी तुम्ही घेतलेल्या किमतीच्या खालीच असू शकतो. आडव्या किंवा हलक्या चढत्या ॲव्हरेजवरच खालची रेषा खरेदीची म्हणायची.

आणि एक, खाली आलं म्हणून आणखी घेत ॲव्हरेज करायचं नाही. E आणि F च्या मधे दोनदा-तीनदा घेतलं की वर मांडलेलं बासष्टचं गणित लागू राहत नाही, कारण तोट्याच्या ट्रेडमध्ये तुमचा पैसा सगळ्यात जास्त आणि फायद्याच्या ट्रेडमध्ये सगळ्यात कमी असा होऊन बसतो.

## ८. टक्का परत कधी काढायचा

वर्षातून एकदा, ठरलेल्या महिन्यात. मार्चएंडचं काम आटोपल्यावर एप्रिलमध्ये काढा, लक्षात राहतं. जुने २५० दिवस काढून नवे २५० घाला आणि टप्पा ४ मधली तीन तुकड्यांची चाचणी परत करा. टक्का २.५ चा २.७ झाला तर २.७ लावा, विशेष काही नाही. पण नवा तुकडा जुन्यांपेक्षा दीडपटीच्या पलीकडं गेला असेल तर टक्का वाढवून वेळ मारून नेऊ नका, त्या मालावरून एन्व्हलप काढा आणि पुढच्या एप्रिलपर्यंत बोलिंजरवर रहा.

दोन-तीन तोट्यांनंतर मधेच टक्का बदलायचा नाही. खुला ट्रेड असताना तर अजिबात नाही, कारण तेव्हा तुम्ही F रेषा खाली सरकवत असता आणि त्याला नाव टक्का सुधारल्याचं देत असता. एक सोपा उपाय आहे, H1 चा सेल लॉक करा आणि शेजारी I1 मध्ये टक्का ठरवल्याची तारीख टाका. मधे हात शिवशिवले तर आधी ती तारीख वाचा, एप्रिल आला नसेल तर शीट बंद करा.